पहिला शब्द, २ वाजून १० मिनिटं

बुधवारी मी पहिला शब्द बोलले तेव्हा दुपारचे २ वाजून १० मिनिटं झाली होती. लायब्ररीत माझ्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला हात लावून एका मुलीने विचारलं, "इथे कोणी बसलंय का?" मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. घशातून नुसता वारा गेला. खाकरून पुन्हा म्हणाले तेव्हा तो इवलासा शब्द खरखरीत, जाडसर, दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा बाहेर आला. ती बसली, तिने वही उघडली, संपलं. मी मात्र पुस्तकात डोकं घालून सकाळपासूनचा दिवस उलटा आठवत बसले. सात वाजता उठले, आवरलं, बसने आले, कितीतरी तास वाचत बसले, आणि या सगळ्यात एकदाही तोंड उघडायची गरज पडली नव्हती. कोणाशी भांडण नव्हतं, मन उदास नव्हतं. फक्त बोलायचं कारणच आलं नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं ते मी त्या दिवसाची नोंद ठेवत होते म्हणून. आणि नोंद ठेवत होते ती एका व्हिडिओसाठी.

माझ्या आधीच्या कॉलेजमधली एक मुलगी पुढच्या वर्षी माझ्यासारखीच परदेशात शिकायला निघायच्या तयारीत आहे. तिने मेसेज केला होता, "ताई, फी आणि व्हिसाचं सगळे सांगतात. तिकडे साधा एक दिवस कसा जातो ते दाखव ना." मागणी इतकी सरळ होती की मी लगेच हो म्हटलं. तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा ठरवलं आणि त्याच रात्री स्क्रिप्ट लिहायला बसले. ती पहिली स्क्रिप्ट माझ्याकडे अजून आहे. सुरुवात अशी: "नमस्कार! मी परदेशात शिकते. आज मी तुम्हाला माझा सकाळपासून रात्रीपर्यंतचा संपूर्ण दिवस दाखवणार आहे. चला तर मग, सुरू करूया!"

घड्याळ लावून वाचलं तर यात जवळजवळ ९ सेकंद जातात. आणि त्या ९ सेकंदांत बघणाऱ्याला असं काहीही कळत नाही, जे व्हिडिओचं नाव वाचून आधीच कळलं नव्हतं. पुढे अलार्म, दात घासणं, बॅग भरणं, बस, लेक्चर, लायब्ररी, स्वयंपाक, अभ्यास, झोप. मी ते सगळे प्रसंग कागदावर एकाखाली एक लिहिले आणि दोन प्रसंगांच्या मधे कोणता शब्द बसतो ते पाहिलं. प्रत्येक ठिकाणी "आणि मग" बसत होतं. उठले आणि मग आवरलं, आवरलं आणि मग निघाले. कुठेच "पण" नाही, कुठेच "म्हणून" नाही. लेक्चर आणि लायब्ररी यांची अदलाबदल केली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. दिवसाच्या व्हिडिओत हा दोष चटकन दिसत नाही, कारण घड्याळ पुढे सरकतच असतं आणि त्यालाच आपण गोष्ट पुढे सरकते आहे असं समजतो.

मग मी स्क्रिप्ट बाजूला ठेवली आणि आधी एक दिवस नुसता टिपायचं ठरवलं. कॅमेरा नाही. दर तासाला फोनमध्ये एक ओळ: किती वाजले, हात काय करत होते, कानावर काय पडलं. विचार आणि भावना लिहायच्या नाहीत, कारण त्या लिहायला बसलं की आपण लगेच सजवायला लागतो. हात आणि कान खोटं बोलत नाहीत. मुद्दाम साधा बुधवार निवडला होता; त्या दिवशी मला एकही लेक्चर नसतं आणि कुठे बाहेर जाण्याचा बेत नव्हता. सणाचा, सहलीचा किंवा परीक्षेचा दिवस घेतला असता तर तो दिवस स्वतःच बोलला असता आणि मला माझ्या रोजच्या दिवसाबद्दल काहीच कळलं नसतं.

नोंदी अशा होत्या. ७:२०, कुलपात किल्ली, दोनदा फिरवावी लागते. ८:०५, बसचं दार उघडताना फुस्स असा आवाज. ९:४०, पान उलटलं, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पेन खाली पाडलं. ११:३०, बाटलीत पाणी भरलं, नळाचा सूर बाटली भरत येते तसा चढत जातो. २:१०, "नाही". आवाज फुटला नाही.

रात्री या ओळी वाचल्या तेव्हा शेवटच्या नोंदीपाशी मी थांबले. बाकीच्या सगळ्या ओळी मी अंदाजाने, आदल्या दिवशीही लिहू शकले असते. ही एकच अशी होती की तो दिवस जगल्याशिवाय मला सुचलीच नसती. आता मी हुक, म्हणजे बघणाऱ्याला सुरुवातीलाच धरून ठेवणारी ओळ, शोधायचा म्हणजे हेच करते: टिपलेल्या दिवसात स्वतःला चकित करणारी ओळ कोणती, ते बघते. हुक खोलीत बसून रचायला गेलं की हाती लागतं ते काहीतरी मोठ्या आवाजातलं, "तुमचा विश्वास बसणार नाही" छापाचं. टिपलेल्या दिवसातून हुक आपोआप वर येतो आणि तो सहसा अगदी लहान असतो.

आता ती ओळ वाक्यात कशी बसवायची? मी दोन वाक्यं लिहिली. पहिलं, "दुपारी दोन वाजेपर्यंत मी आज कोणाशी एक शब्दही बोलले नव्हते." दुसरं, "आज मी पहिला शब्द बोलले तेव्हा दुपारचे २ वाजून १० मिनिटं झाली होती." माहिती एकच. पण पहिलं वाक्य "नव्हते"वर येऊन मिटतं. ऐकणारा "अरेरे" म्हणतो आणि त्याचं काम संपतं. दुसऱ्या वाक्यात तो शब्द बोलला गेलेला आहे, पण कोणता, कोणाशी, हे सांगितलेलं नाही. बघणारा आता त्या शब्दाची वाट बघायला लागतो. आणि मराठीत वाक्याचा भार शेवटाकडे असतो, म्हणून वेळ शेवटी आली की तीच कानात राहते. सकाळचं चित्र चालू असताना "दुपारचे" ऐकलं की आपोआप मनात हिशोब सुरू होतो. हुकचं काम माझ्या मते एवढंच आहे, बघणाऱ्याला एखाद्या गोष्टीची वाट बघायला लावणं. दचकवण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

इथे एक अडचण आली आणि तिनेच सगळी स्क्रिप्ट ठरवली. "आज मी पहिला शब्द बोलले तेव्हा..." हे वाक्य मी स्वतःच्या आवाजात म्हटलं, तर व्हिडिओच्या पहिल्याच सेकंदाला माझा आवाज ऐकू येतो. ज्या शांततेबद्दल मी सांगते आहे ती मीच मोडते. दोन दिवस हे वाक्य घेऊन मी अडून बसले होते. मग सुचलं की ते बोलायचंच नाही, पडद्यावर नुसती अक्षरं दाखवायची. खाली किल्लीचा आवाज, वर ते एक वाक्य. पुष्कळ लोक फोनचा आवाज बंद ठेवूनच व्हिडिओ बघायला लागतात, त्यांनाही ते वाक्य मिळतं. आणि मग २:१० येईपर्यंत निवेदन नाही, पार्श्वसंगीतही नाही. फक्त दिवसाचे आवाज.

तीन मिनिटांच्या व्हिडिओत पहिली ६५ सेकंदं बिनबोलाची ठेवायची म्हणजे जोखीम होती. यूट्यूबवर प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख दिसतो, आणि माझ्या आधीच्या दोन व्हिडिओंत ती रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच घसरलेली मी पाहिली होती. पण त्या व्हिडिओंत मी अखंड बोलत होते, तेव्हा बोलण्याने माणसं थांबतात असं काही नाही. बघणारा वाट बघत असेल तर शांतता त्याला लांबण वाटत नाही. त्याला ती मोजायची असते. म्हणून मी प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत वेळ टाकायचं ठरवलं. ७:२०, ८:०५, ९:४०, ११:३०. घड्याळ आता नुसतं पुढे सरकत नाही, २:१०च्या जवळ येत जातं.

स्क्रिप्ट मी दोन रकान्यांत लिहिते, डावीकडे जे दिसेल ते, उजवीकडे जे ऐकू येईल ते. कागद मधोमध दुमडला की झालं. या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे एकच गोष्ट दोन्ही रकान्यांत आली की डोळ्यांत खुपते. चित्रात बस आहे आणि आवाजात मी म्हणते आहे "मग मी बस पकडते", तर त्यातलं एक फुकट गेलं. सुरुवातीचा भाग असा झाला:

चित्र: कुलपात किल्ली, अगदी जवळून. वेळ ७:२०. आवाज: किल्ली दोनदा फिरते. अक्षरं: "आज मी पहिला शब्द बोलले तेव्हा दुपारचे २ वाजून १० मिनिटं झाली होती." ५ सेकंद.

चित्र: बसची खिडकी, काचेवर माझ्या बाहीची सावली. ८:०५. आवाज: दाराचं फुस्स, मग इंजिनाची घरघर. १५ सेकंद.

चित्र: पानावर बोट, ओळीखालून सरकतं. ९:४०. आवाज: पान, दूरवर पडलेलं पेन. २० सेकंद.

चित्र: नळाखाली बाटली. ११:३०. आवाज: पाण्याचा चढत जाणारा सूर, पूर्ण. १५ सेकंद.

चित्र: समोरची रिकामी खुर्ची. २:१०. आवाज: लायब्ररीची शांतता. १० सेकंद.

या शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगते, कारण व्हिडिओत माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच आहे. बुधवारी मी कॅमेरा सुरूच केला नव्हता, म्हणजे तो क्षण माझ्याकडे चित्रित झालेला नव्हताच. पुढच्या आठवड्यात मी शूटिंग केलं तेव्हा कुणा मैत्रिणीला समोर बसवून तो प्रसंग पुन्हा करवून घेता आला असता. मी तसा एकदा घेतलाही. मैत्रीण छान वागली, मीही खाकरले, आणि तो शॉट पाहताक्षणी खोटा वाटला. ज्याला कॅमेरा समोर आहे हे माहीत असतं त्याचा घसा असा बसत नाही. मग मी फक्त खुर्ची घेतली. टेबलावर फोन टेकवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि दहापर्यंत आकडे मोजले. रिकाम्या खुर्चीकडे नुसतं तीन सेकंद बघितलं तर ती खुर्ची असते. दहा सेकंद बघितलं की तिथे कोणीतरी यायला हवं असं वाटायला लागतं. आणि त्या दहा सेकंदांच्या शेवटी, पहिल्यांदा, माझा आवाज: "नाही."

लायब्ररीत फोन टेकवण्याआधी तिथल्या काउंटरवर परवानगी विचारली होती. चालेल म्हणाले, पण दुसऱ्या कुणाचा चेहरा येता कामा नये आणि कुणाच्या स्क्रीनवरचं काही दिसता कामा नये. ही अट मला पटली. लेक्चरमध्ये मी कॅमेरा काढलाच नाही. शिकवणाऱ्यांचा आवाज, फळ्यावरचं लिहिणं, मागच्या बाकावरची मुलं, यातलं काहीच माझं नाही. स्वतःच्याही बाबतीत एक गोष्ट शेवटी शेवटी लक्षात आली. टेबलावरच्या शॉटमध्ये माझं ओळखपत्र आणि खोलीच्या पत्त्याचा लिफाफा स्पष्ट वाचता येत होता. त्या शॉटमध्ये लिफाफ्याकडे बघायचं कुणाला सुचलं नसतं, पण थांबवून मोठं करून बघणारा एखादा असतोच. एकट्या राहणाऱ्या मुलीने आपली खोली आणि जाण्यायेण्याच्या वेळा एकाच व्हिडिओत देऊ नयेत. मी शॉट पुन्हा घेतला, वेळा जराशा बदलल्या, इथल्या नोंदींतही, आणि बसचा नंबर तर कुठेच ठेवला नाही. २:१० तेवढी खरी आहे.

अलार्मचा शॉट मी काढून टाकला. तो जवळजवळ प्रत्येक अशा व्हिडिओत असतो आणि तो कसा घेतात हे एकदा स्वतः केलं की पुन्हा करावासा वाटत नाही. आधी उठायचं, फोन कुठेतरी टेकवायचा, फ्रेम बघायची, परत अंथरुणात शिरायचं आणि मग "जागं" व्हायचं. हुकमध्ये खरं सांगायचं आणि त्यानंतरच्याच शॉटला झोपेचं सोंग घ्यायचं, हे मला जमलं नाही. पाठमोरी चालत जाणारी मी असा शॉट मात्र ठेवलाय. त्यासाठीही फोन ठेवून दूर जाऊन परत घ्यायला यावं लागतं, पण मी त्या रस्त्याने रोज खरंच जाते. सीमा कुठे आखायची हे प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. माझ्यापुरती ती अशी आहे: चालणं पुन्हा चालता येतं, जागं होणं पुन्हा होता येत नाही.

शूटिंगमधली एक खोड नव्या देशात भेटू शकते, ती लिहून ठेवते. लायब्ररीतले माझे पहिले सगळे शॉट वाया गेले. फोनच्या लहान पडद्यावर ठीक दिसत होते, लॅपटॉपवर लावले तेव्हा पानावरून फिकट पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले. पानात काही बिघडलं नव्हतं, छतावरच्या दिव्यांचा परिणाम होता. काही देशांत वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, काहींत ६०. बरेचसे दिवे त्याच्या दुप्पट वेळा, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं शटर त्या लयीशी जुळलं नाही तर पट्टे उमटतात. माझं शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर होतं आणि वीज ५०ची. शटर हाताने ठरवता येतं असं कॅमेरा अ‍ॅप घेतलं, पन्नासाव्या भागावर ठेवलं आणि पट्टे गेले. ६०ची वीज असेल तिथे साठावा किंवा एकशेविसावा भाग. नव्या जागी दिव्याखाली दहा सेकंदांचा एक शॉट घेऊन तो मोठ्या पडद्यावर बघायचा, एवढं केलं तरी एक दिवस वाचतो. खिडकीच्या उजेडात हा प्रश्नच येत नाही.

आता निवेदन. मी माझाच एक शंभर शब्दांचा परिच्छेद निवांत वाचून पाहिला, ५० सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला दोन शब्द. ६५ सेकंदं शांततेत गेल्यावर ११५ उरतात. ती सगळी बोलून भरली तर २३० शब्द बसतात, पण मी १५० लिहिले. उरलेल्या वेळात दिवस ऐकू यायला हवा होता. लिहिताना हात सवयीने "मला वाटले", "मी विचार केला की" असं लिहीत होता. मोठ्याने वाचलं की असली वाक्यं भाषणासारखी लागतात. ती सगळी बोलीत आणली, "मला वाटलं". आणि जिथे एका वाक्यात दोन "की" आले तिथे वाक्य तोडलं.

त्यातला मधला तुकडा असा आहे: "नाही. एवढाच शब्द. तोही इथल्या भाषेतला. घसा इतका बसला होता की मलाच ओळखू आला नाही. मी रागावले नव्हते, रडवेली नव्हते. इथे दिवस असे बांधलेले असतात की न बोलता पार पडतात. कार्ड टेकवलं की दार उघडतं. बटण दाबलं की बस थांबते. पुस्तक परत करायचं यंत्र आहे. हे सगळं माझ्या सोयीसाठी आहे, आणि मला ते आवडतंही. फक्त त्यात माझा आवाज कुठे लागत नाही."

हे रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा रात्र होती, फोनवर बोलून झालं होतं, आवाज छान मोकळा झाला होता. आणि त्या मोकळ्या आवाजात "घसा बसला होता" म्हणताना ते वाक्य माझं वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, कोणाशी एक अक्षर बोलायच्या आधी, पांघरूण डोक्यावर घेऊन "नाही" आणि त्याच्या पुढची चार वाक्यं रेकॉर्ड केली. पांघरुणात खोलीचा घुमारा येत नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरायचा, म्हणजे प आणि भ चा झोत सरळ माइकवर आदळत नाही. पहिल्या "नाही"ला आवाज तसाच फाटला. तो मी तसाच ठेवला. पुढची वाक्यं रात्रीच्या मोकळ्या आवाजात आहेत, आणि लक्ष देऊन ऐकलं तर व्हिडिओमध्ये माझा आवाज हळूहळू उघडत जातो.

राहता राहिला व्हिडिओच्या शेवटी बघणाऱ्यांना विचारायचा प्रश्न. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

पहिल्या स्क्रिप्टच्या तळाशी होतं: "तुम्हालाही परदेशात शिकायला यायला आवडेल का?" याचं उत्तर हो किंवा नाही, आणि शिवाय जे इथे येणारच नाहीत त्यांना मी दाराबाहेर उभं केलं. मग लिहिलं, "तुमचा दिवस कसा जातो?" हा इतका ऐसपैस आहे की माणूस "बरा" म्हणून मोकळा होतो. तिसरा होता, "एकटं वाटतं तेव्हा तुम्ही काय करता?" हा मला बरेच दिवस चांगला वाटत होता. पण त्याने सगळा व्हिडिओ एका शब्दात कोंबला. मी एकटेपणाबद्दल बोललेच नव्हते, मी आवाजाबद्दल बोलले होते. आणि असा प्रश्न विचारला की लोक सल्ला द्यायला लागतात.

हे घोळत असतानाच आणखी एक काळजी होती. हा व्हिडिओ आई बघणार. मुलगी दुपारी दोनपर्यंत कोणाशी बोलत नाही हे तिला पडद्यावरच्या अक्षरांतून कळावं, हे मला नको होतं. म्हणून आधी फोनवर तिला स्क्रिप्ट वाचून दाखवायचं ठरवलं. आमची बोलायची वेळ ठरलेली आहे, तिकडे झोपायची वेळ आणि इथे संध्याकाळ. मी म्हटलं, "आई, तुला काहीतरी वाचून दाखवते. मधे बोलू नकोस."

तिने शब्द पाळला. किल्ली, बस, पान, बाटली, सगळं ऐकलं. खुर्चीपाशी मी थांबले आणि मग "नाही" म्हणाले. पुढचं निवेदन वाचून संपलं तरी पलीकडे शांतच. मला वाटलं फोन कट झाला.

"आई?"

"आहे गं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे बाबा साडेआठला निघतात. तू होतीस तेव्हा तुझ्या मागे लागण्यातच दुपार व्हायची. आता ते गेले की संध्याकाळी परत येईपर्यंत मीही बोलत नाही कोणाशी. परवा दुपारी कुणाचातरी चुकीचा फोन आला, तर मलाही असंच खाकरावं लागलं."

मला पुढे काय बोलावं कळेना. मी हा व्हिडिओ परदेशातल्या दिवसाबद्दल समजत होते. बस, लायब्ररी, कार्डाने उघडणारं दार, ही सगळी या ठिकाणची कारणं म्हणून मी मांडली होती. आणि ज्या घरातून मी निघाले, तिथेही तीच शांतता होती. तिचं कारण तर मीच होते. मी म्हटलं, "हे मी व्हिडिओमध्ये घेऊ का? तुझ्या आवाजात?"

"माझा आवाज कशाला? दिवस तुझा आहे ना." मग जरा थांबून, "पण विचार लोकांना. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

तिचा आवाज मी घेतला नाही. आमचा तो फोनही चित्रित केला नाही. स्क्रिप्टमध्ये त्या जागी फक्त खिडकी आहे, बाहेर अंधार पडत आलेला, आणि काचेत उजळलेला फोनचा पडदा. निवेदनात दोनच वाक्यं वाढवली: "संध्याकाळी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, तिचीही दुपार अशीच असते." हे या लेखात आणि स्क्रिप्टमध्ये लिहिताना मी तिला पुन्हा एकदा विचारलं आहे.

आणि प्रश्न तिथेच मिळाला. तो हुकमध्येच होता, फक्त माझ्याकडे तोंड करून उभा होता. तो वळवायचा होता. त्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं, पण ते द्यायला आजची सकाळ आठवून बघावी लागते. त्यासाठी परदेशात असावं लागत नाही, विद्यार्थी असावं लागत नाही. जिला दिवसभर कोणी ना कोणी हाक मारत असतं तीही उत्तर देऊ शकते, आणि तिचं उत्तर माझ्याइतकंच ऐकण्यासारखं असेल.

स्क्रिप्टचा शेवटचा भाग असा आहे:

चित्र: टेबलावरचा दिवा, मग हात येऊन तो बंद करतो. वेळ ११:१५. आवाज: बटणाचा टक् असा आवाज, मग रिकाम्या खोलीची शांतता. ५ सेकंद, निवेदन नाही. अक्षरं: "आज तुम्ही पहिला शब्द किती वाजता बोललात, आणि कोणाशी?"